भराव किती घालायचा?

कोल्हापूरजवळ पंचगंगेकाठी कारखाना उभारायचा आहे. जागेच्या अहवालात पूरधोक्याचं प्रकरण आधी पाणलोटाचा इतिहास मांडतं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 या दोन्ही पुरांत पाणी 55 फुटांपलीकडे गेलं. पण हे आकडे बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचे. ते जागेवर जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण नदीच्या पाण्याला उतार असतो. म्हणून सर्वेक्षक आसपासच्या भिंतींवरच्या पूरखुणा शोधतो आणि त्यांची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजतो.

पुढे येते संकल्पित पूरपातळी. बहुधा शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर धरतात. पाटबंधारे विभागाच्या नकाशावरची लाल रेषा तीच. या नावानं लोक फसतात. असा पूर दर वर्षी येण्याची शक्यता 1 टक्का, म्हणजे कारखान्याच्या 30 वर्षांत सुमारे 26 टक्के. हे अहवालात ठळक लिहायला हवं, पण क्वचितच लिहितात.

समजा, ही पातळी 542.8 मीटर निघाली. लाटा आणि गणितातली चूक यांसाठी 0.6 मीटर वाढवले की जोतं 543.4 वर येतं. जमीन 541.9 वर असेल, तर भराव दीड मीटर.

मात्र तो भराव पुराची जागा व्यापतो आणि पाणी शेजाऱ्याच्या शेतात ढकलू शकतो. शिवाय रस्ता खालीच राहिला, तर कोरड्या कारखान्यात कामगार पोहोचणार नाहीत. म्हणून सही करण्यापूर्वी रस्त्याची पातळीही मागून घ्या.