पाल पडलेले अन्न : विष कोठे आणि दोष कोठे?

दुधात पाल पडली, घरातील सर्वांनी ते प्यायले, आता विष उतरविण्याचे औषध द्या, अशी विनंती घेऊन येणारे कुटुंब बहुतेक वैद्यबंधूंनी पाहिले असेल. आमच्याकडील एक प्रसंग येथे विचारार्थ मांडीत आहोत.

रात्री तापविलेले दूध उघडे राहिले. सकाळी आजोबांनी त्यातील पेलाभर थंडच घेतले व ते शेतावर गेले. उरलेल्या दुधाचा उकळून चहा झाला. तो पिऊन झाल्यावर पातेल्याच्या तळाशी मेलेली पाल दिसली आणि पंधरा मिनिटांत आई व दोन्ही मुलांना वांत्या सुरू झाल्या. ज्वर नव्हता, जुलाब नव्हते, नाडी उत्तम होती. धीर दिल्यावर तासाभरात सर्व शांत झाले. आजोबांना मात्र काहीच त्रास नव्हता. त्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे ज्वर, पोटात मुरडा व पातळ जुलाब सुरू झाले.

घरातील पालीला विषग्रंथी नसतात. त्यामुळे पहिल्या तिघांच्या वांत्या विषाच्या नव्हेत. चरकाचार्यांनी छर्दीच्या प्रकारांत द्विष्टार्थसंयोगजा सांगितली आहे, ती हीच. किळस हे तिचे कारण आणि आश्वासन ही तिची मुख्य चिकित्सा.

खरा दोष पालीच्या आतड्यात व विष्ठेत असू शकणाऱ्या साल्मोनेला जंतूंचा. ते उघड्या, कोमट दुधात रात्रभर वाढतात आणि लक्षणे बहुधा ६ ते ७२ तासांनी दिसतात. चहा उकळल्याने तिघे वाचले, थंड दूध घेणारे आजोबा सापडले. म्हणून लगेच वांती न झालेल्या रुग्णासही तीन दिवस लक्ष ठेवण्यास सांगावे.

मग उकळून अन्न वापरावे काय? नाही. उकळीने साल्मोनेला मरतो. परंतु स्टॅफिलोकोकस जंतूंनी अन्नात सोडलेले विष उकळूनही टिकते. पाल पडलेले अन्न टाकूनच द्यावे. झुरळ गटारातून व विष्ठेवरून फिरते आणि तेच जंतू पायांनी आणते. ओले शिजविलेले अन्न त्याच्या स्पर्शानंतर तासन्‌तास उघडे राहिले असल्यास टाकावे. कोरड्या भाकरीवरून ते फिरल्यास जोखीम कमी, तरीही तेवढी भाकरी सोडणे इष्ट.

जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यावे. शौचातून रक्त, तीव्र ज्वर, ग्लानी किंवा लघवी कमी होणे दिसल्यास, तसेच रुग्ण तान्हे मूल, गर्भिणी वा वृद्ध असल्यास, रुग्णालयात पाठविण्यास विलंब करू नये. आजोबांना आम्ही त्याच दिवशी पाठविले.

फार्मसीचालकांनाही हाच नियम लागू. काढ्याच्या वा तेलाच्या भांड्यात पाल आढळल्यास गाळून, पुन्हा तापवून ते भरू नये. संपूर्ण घाणा नष्ट करून तशी नोंद ठेवावी.