चिमणीच्या जाळीवर सुकलेले तेल

फराळाच्या चकल्या आणि शेव तळून झाल्यावर आठवडाभराने ओट्यामागच्या भिंतीवरून बोट फिरवून पाहा. बोट सरकत नाही, अडते. ज्या तेलात चकली तळली ते कढईतून साबणाच्या दोन थेंबांत निघून गेलेले असते. भिंतीवर उडालेले तेच तेल मात्र साबणाला दाद देत नाही आणि चिमणीची जाळी तर घासून घासून हात दुखले तरी मेणचटच राहते. साबण कमी पडला किंवा घासण्यात कसूर झाली, असे आपल्याला वाटते. खरे कारण वेगळे आहे. भिंतीवर जे चिकटले आहे, ते आता पूर्वीचे तेल राहिलेलेच नाही.

तळताना पदार्थातले पाणी वाफ होऊन उसळते आणि तेलाचे अतिशय बारीक थेंब सोबत घेऊन वर जाते. यातले काही जाळीत अडकतात, उरलेले भिंतीवर, कपाटाच्या दारांवर आणि पंख्याच्या पात्यांवर बसतात. तिथे त्यांचा थर इतका पातळ असतो की हवेतला प्राणवायू त्याच्या सर्वांगाला भिडतो. सूर्यफूल, सोयाबीन, करडई या तेलांतल्या असंतृप्त मेदाम्लांशी हा प्राणवायू हळूहळू जोडला जातो. मग तेलाचे सुटे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन त्यांचे जाळे तयार होते. शेगडीची उष्णता हे काम आणखी वेगाने करते.

चित्रकारांना ही क्रिया शतकानुशतके माहीत आहे. जवसाच्या तेलात रंग कालवून काढलेले चित्र ‘सुकते’ ते पाणी उडून जाते म्हणून नव्हे, तर तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते म्हणून. आपल्या भिंतीवर हेच घडते. सूर्यफुलाचे तेल जवसापेक्षा सावकाश सुकते, एवढाच फरक. खोबरेल तेल आणि तुपात असंतृप्त मेदाम्ले थोडी असतात, म्हणून त्यांचा थर थंडीत थिजतो, पण असा जाळीदार होत नाही. तो गरम पाणी आणि साबणाने निघतो.

म्हणून साफसफाईला लागण्यापूर्वी तेल कोणत्या टप्प्यावर आहे, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी बोट पुरेसे आहे. बोट घसरले तर तेल अजून तेलच आहे. एकतारी पाकासारखी बोटाला तार सुटली तर जाळे विणायला सुरुवात झाली आहे. बोटाला काहीच लागले नाही, पण पिवळट-तपकिरी थर दिसत असेल आणि नखाने खरवडल्यावर त्याची सालपटे निघत असतील, तर तेलाचे वार्निश झाले आहे.

पहिल्या टप्प्याला भांडी घासण्याचा द्रव साबण पुरतो. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला, आणि तेलाचा थेंब पाण्यासोबत वाहून जातो. पण ही किमया सुट्या रेणूंवर चालते. एकमेकांत गुंफलेले रेणू साबणाला उचलता येत नाहीत. तिथे अल्कली लागते, म्हणजे धुण्याचा सोडा. जुन्या तेलात प्राणवायूमुळे आम्ले तयार झालेली असतात. सोडा त्यांच्याशी संयोग पावून त्यांचाच साबण बनवतो, आणि जाळ्यातले काही बंधही हळूहळू तोडतो. या कामाला गरम पाणी आणि वेळ लागतो. जोर लागत नाही. सोड्याच्या गरम पाण्यात अर्धा तास भिजू दिलेली जाळी पाच मिनिटांत घासून होते. न भिजवता घासली तर तासभरही पुरत नाही.

मात्र इथेच सर्वांत मोठी चूक होते. एक नेहमीचे उदाहरण घेऊ. चिमणीची जाळी तीन महिने काढलेली नाही आणि आता तिला तार सुटते आहे. घरातले कुणीतरी मोठ्या पातेल्यात पाणी उकळते, त्यात चार चमचे खाण्याचा सोडा टाकते आणि जाळी बुडवते. पाणी फसफसते, पिवळे होते, तेल तरंगू लागते. जाळी बाहेर काढल्यावर मात्र ती चकचकीत न दिसता काळपट-करडी दिसते. हाताला काळे लागते. सोडा तर खाण्याचा होता, मग असे का झाले?

कारण ती जाळी ॲल्युमिनियमची होती. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तोच धातूचे रक्षण करतो. अल्कली हा थर विरघळवते, मग खालचा धातूही खाऊ लागते. या वेळी हायड्रोजन वायूचे बुडबुडे निघतात. खाण्याचा सोडा साध्या पाण्यात सौम्यच असतो, त्याचा सामू ८ च्या थोडा वर राहतो. पण पाणी उकळले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे धुण्याचा सोडा उरू लागतो, ज्याचा सामू ११ च्या आसपास असतो. म्हणजे डब्यातून काढताना तो खाण्याचा सोडा होता, पातेल्यात तो धुण्याचा होऊ लागला. पातेलेही ॲल्युमिनियमचे असेल तर तेही काळे पडते.

काळी पडलेली जाळी लगेच टाकून द्यावी लागत नाही. खळखळून धुऊन, काळे निघायचे थांबल्यावर ती वापरता येते. पण दर वेळी असेच केले तर बारीक तारा झिजून तुटतात आणि भोके मोठी होतात. अशी जाळी तेल अडवत नाही, ती बदलावी लागते.

म्हणून आधी धातू ओळखावा. पत्र्याच्या चौकटीत विणलेल्या बारीक तारांचे दोन-तीन पदर असतील आणि जाळी हातात फुलासारखी हलकी वाटत असेल तर ती बहुधा ॲल्युमिनियमची. लांबट, वाकवलेल्या जाड पट्ट्यांचा जड फिल्टर सहसा स्टीलचा असतो. लोहचुंबक चिकटला तर स्टील नक्की, पण चिकटला नाही म्हणून ॲल्युमिनियम ठरत नाही, कारण स्टेनलेस स्टीलच्या काही जातींना चुंबक चिकटत नाही. शंका राहिली तर ॲल्युमिनियमच समजून वागावे.

ॲल्युमिनियमच्या जाळीसाठी प्लास्टिकच्या टबात पाच लिटर गरम पाणी घ्यावे. ते हात बुडवून ठेवता येणार नाही इतपत गरम असावे, उकळते नको. त्यात भांड्यांचा द्रव साबण तीन मोठे चमचे घालून जाळी अर्धा तास बुडवून ठेवावी. मग जुन्या दातब्रशने तारांच्या दिशेने हलक्या हाताने घासावी. दाबले तर पदर एकमेकांवर बसतात आणि हवेची वाट बंद होते. एकदा भिजवून पुरले नाही तर तेच पाणी पुन्हा न वापरता नवे गरम पाणी आणि नवा साबण घ्यावा, कारण पहिल्या पाण्यातला साबण तेलाने आधीच व्यापलेला असतो.

तार सुटणारा थर साबणालाही दाद देत नसेल, तर त्यावर थोडे ताजे खाद्यतेल चोळून पंधरा मिनिटे ठेवावे. अर्धवट गुंफलेले तेल ताज्या तेलात मऊ होते आणि मग दोन्ही साबणाने निघतात. पूर्ण वार्निश झालेल्या थरावर मात्र हा उपाय चालत नाही.

स्टीलच्या फिल्टरला धुण्याचा सोडा बिनधास्त चालतो. पाच लिटर कढत पाण्यात तीन ते चार मोठे चमचे सोडा आणि एक चमचा द्रव साबण घालून पाऊण तास ठेवावे. पाणी चहासारखे तपकिरी झाले म्हणजे काम चालू आहे. हातात रबरी मोजे हवेत, कारण हा सोडा त्वचेवरचे तेलही तसाच काढतो आणि हात फुटतात. कॉस्टिक सोडा घरात वापरूच नये. तो डोळ्यांना आणि त्वचेला भाजतो आणि ॲल्युमिनियमला लागला तर जोरात हायड्रोजन सोडतो. रॉकेलने चिकटपणा सुटतो हे खरे, पण त्याचा अंश जाळीत राहतो आणि तीच जाळी पुन्हा शेगडीवर टांगायची असते.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करण्याची युक्ती सगळ्यांच्या तोंडी असते. फेस दिसतो, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवून टाकतात. उरते ते जवळपास मिठाचे पाणी. शिवाय व्हिनेगर आणि लिंबू कडप्प्याच्या ओट्यावर पडले तर चकाकी कायमची जाते, कारण कडप्पा हा चुनखडीचाच दगड आहे.

भिंतीचा विचार वेगळा करावा लागतो. चकचकीत टाइल असेल तर एक लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा पुरे. त्यात भिजवलेले फडके टाइलवर दहा मिनिटे चिकटवून ठेवावे, म्हणजे पाणी ओघळून न जाता थरावर टिकते. मग पुसून साध्या पाण्याने दोनदा धुवावे. भिंतीला ऑइल पेंट असेल तर सोडा टाळावा. हा रंगसुद्धा सुकलेल्या तेलापासूनच बनलेला असतो, त्यामुळे चिकट थराला जे विरघळवेल ते रंगालाही मऊ करेल. तिथे आणि इमल्शनवर फक्त कोमट पाणी आणि थोडा द्रव साबण चालतो, तोही आधी कोपऱ्यात लावून पाहून. डिस्टेंपर पाण्यानेही उतरते, तिथे डाग काढण्यापेक्षा पुन्हा रंग देणेच बरे. विजेच्या बटनांजवळ फडके पिळून घ्यावे, फवारा मारू नये.

हे सारे फक्त दिसण्यासाठी करायचे नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, फार तापलेल्या तेलात तळताना निघणाऱ्या धुराला ‘बहुधा कर्ककारक’ या गटात ठेवले आहे. हा धूर बाहेर नेणे हे चिमणीचे काम. जाळीची भोके बुजली की पंख्याचा आवाज तेवढाच येतो, पण हवा ओढली जात नाही. त्यातच तेलाने माखलेली जाळी कढईच्या वर असते आणि फोडणीने पेट घेतला तर ज्वाळेला तिथे इंधन मिळते.

जाळी खरोखर साफ झाली का, हे पाहायला ती उजेडासमोर धरावी. सगळीकडून सारखा उजेड दिसला पाहिजे. टाइलवर पाणी शिंपडावे. पाण्याचे मणी झाले तर तेल उरले आहे, पाणी सलग पसरले तर भिंत स्वच्छ आहे. जाळी पूर्ण वाळवून बसवल्यावर गॅस बंद ठेवून चिमणी सुरू करावी आणि खालून पातळ कागद धरावा. कागद जाळीला चिकटून राहिला तर हवेची वाट मोकळी आहे. यानंतर दर आठवड्याला जाळीवरून एकदा बोट फिरवावे आणि बोट घसरत असेल त्याच दिवशी ती साबणात बुडवावी. तार सुटेपर्यंत थांबले की सोड्याची गरज पडू लागते, आणि ॲल्युमिनियमच्या जाळीला तो चालत नाही.