काळ्या आकाराभोवतीचे रंग येतात कुठून?

१९७८ साली रॉबर्ट ब्रुक्स आणि पीटर मॅटेल्स्की या दोन गणितज्ञांनी आपल्या शोधनिबंधासाठी संगणकावर एक आकृती छापून घेतली. कागदावर नुसती तारांकनं उमटलेली होती. त्यांतून उजवीकडे हृदयासारखा फुगीर भाग, त्याला डावीकडे चिकटलेलं वर्तुळ आणि कडेकडेने लहान गाठी असा आकार दिसत होता. दोन वर्षांनी बेन्वा मँडेलब्रॉट यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या यॉर्कटाउन हाइट्स इथल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात तोच आकार कितीतरी बारकाईने काढला, आणि पुढे त्याला त्यांचंच नाव मिळालं. ही दोन्ही चित्रं काळी-पांढरी होती. सामान्य वाचकाला हा आकार ठाऊक झाला तो रंगांमुळे. ऑगस्ट १९८५च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाच्या मुखपृष्ठावर तो रंगीत झळकला आणि जगभरच्या घरगुती संगणकांवर लोक तो स्वतः काढू लागले.

गंमत अशी की त्या चित्रातला एकही रंग मँडेलब्रॉट संचाचा नसतो. संच म्हणजे मधला काळा भाग. रंग असतात ते त्याच्या बाहेरच्या बिंदूंचे, आणि ते चित्रकाराच्या लहरीवर ठरत नाहीत. प्रत्येक रंगामागे एक मोजलेली संख्या असते.

ती मोजायचा नियम एका ओळीत मावतो: z² + c. कागदावरचा कोणताही एक बिंदू घ्यायचा आणि त्याला c म्हणायचं. z शून्यापासून सुरू करायचा. त्याचा वर्ग करून त्यात c मिळवायचा, आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग, पुन्हा c ची बेरीज, आणि हेच करत राहायचं. c आणि z या संमिश्र संख्या आहेत, म्हणजे प्रत्येकीला आडवा आणि उभा असे दोन भाग असतात आणि ती प्रतलावरचा एक बिंदू दाखवते. अशा संख्येचा वर्ग केला की तिचं शून्यापासूनचं अंतर स्वतःशी गुणलं जातं आणि आडव्या अक्षाशी होणारा कोन दुप्पट होतो. म्हणून z प्रत्येक फेरीत गिरकी घेत नव्या जागी जाऊन पडतो.

c = -1 घेतला तर z ची चाल ०, -१, ०, -१ अशी कायमची दोन जागांत अडकते. c = 1 घेतला तर ०, १, २, ५, २६ असा तो सुसाट सुटतो. पहिला बिंदू संचात, दुसरा बाहेर. सगळ्या प्रतलाची वाटणी अशीच होते: ज्यांची चाल कायम आवाक्यात राहते ते बिंदू काळे, बाकीचे बाहेरचे.

पण ‘कायम’ हे संगणकाला कसं कळणार? इथे एक साधं प्रमेय मदतीला येतं. z चं शून्यापासूनचं अंतर एकदा २च्या पुढे गेलं आणि c च्या अंतरापेक्षा ते कमी नसेल, तर पुढच्या प्रत्येक फेरीत ते वाढतच जातं, कारण वर्गाने होणारी वाढ c ने मागे खेचण्यापेक्षा नेहमी जास्त भरते. परतीचा रस्ताच उरत नाही. म्हणून संगणक फेऱ्या मोजत राहतो आणि z २च्या वर्तुळाबाहेर पडला की थांबून तो आकडा लिहून ठेवतो. c = 0.5 साठी z ची चाल ०.५, ०.७५, १.०६, १.६३, ३.१५ अशी जाते. पाचव्या फेरीत तो निसटला, म्हणून या बिंदूचा आकडा ५.

संचापासून दूरचे बिंदू दोन-तीन फेऱ्यांत निसटतात, जवळचे पन्नास, पाचशे किंवा पाच हजार फेऱ्या रेंगाळतात. या आकड्यांना रंग वाटून दिले की काळ्या-पांढऱ्या चित्रात न दिसणारी गोष्ट दिसू लागते. सुरुवातीच्या चित्रांत मुख्य आकारापासून सुटी पडलेली लहान काळी बेटं होती. हा संच तुकड्यातुकड्यांचा असावा, असं खुद्द मँडेलब्रॉट यांनाही आधी वाटलं होतं. प्रत्यक्षात ती बेटं मुख्य भागाशी इतक्या बारीक तंतूंनी जोडलेली आहेत की तंतू एका ठिपक्यातही मावत नाहीत, ते दोन ठिपक्यांच्या मधून निसटतात. फेऱ्यांच्या आकड्याला मात्र तंतूची चाहूल लागते, कारण त्याच्या आसपास आकडे चढत जातात. रंगीत चित्रात बेटाकडे जाणारी उजळ रेघ उमटते ती यामुळेच. संच अखंड आहे हे आद्रियाँ दुआदी आणि जॉन हबर्ड यांनी १९८२ साली सिद्ध केलं.

एवढ्यावर काढलेल्या चित्रात एक दोष राहतो. आकडे पूर्णांक असतात, त्यामुळे ५चा सगळा भाग एका रंगाचा, ६चा दुसऱ्या, आणि मध्ये धारदार कड. नकाशावर समान उंचीच्या रेषांमध्ये सपाट रंग भरल्यासारखे हे पट्टे दिसतात. संचापासून दूरच्या मोकळ्या भागात ते फारच डोळ्यांत खुपतात. ते पुसायला चित्र धूसर करणं हा उपाय नव्हे, कारण त्यात कडेची बारीक नक्षीही जाते. हवा असतो तो पूर्णांकांच्या मधला आकडा, आणि तो z च्या शेवटच्या किमतीत आधीपासूनच दडलेला असतो.

c = 0.5चीच चाल पुढे नेऊ. सहाव्या फेरीत z १०.४४, सातव्या १०९.५७ आणि आठव्या १२,००५ होतो. आता c ची भर नगण्य झाली आहे, म्हणजे प्रत्येक किंमत जवळपास आधीच्या किमतीचा वर्ग आहे. या किमतींचे नैसर्गिक लॉगॅरिदम अनुक्रमे २.३५, ४.७० आणि ९.३९ येतात. वर्ग केला की लॉगॅरिदम दुप्पट होतो. जी गोष्ट दर फेरीला दुप्पट होते तिचा २ पायाचा लॉगॅरिदम दर फेरीला बरोबर १ने वाढतो. फेऱ्यांचा आकडाही दर फेरीला १नेच वाढतो. एकातून दुसरा वजा केला की फेरी कोणतीही असो, उत्तर जागचं हलत नाही. सूत्र बनतं ते असं: n + 1 - log2(ln|z|).

c = 0.5 साठी पाचव्या फेरीत थांबलं तर हे सूत्र ५.८०० देतं, सहाव्या फेरीत ५.७७०, सातव्या फेरीत ५.७६८ आणि आठव्या फेरीतही ५.७६८. आकडा स्थिरावला. तो चित्र गोड दिसावं म्हणून बसवलेला नाही. काळ्या संचाला विद्युतभार दिला तर त्याच्याभोवती समान विभवाच्या ज्या रेषा तयार होतील, त्यांतल्या एकेका रेषेवर हा आकडा तोच राहतो. दुआदी आणि हबर्ड यांनी संच अखंड असल्याची सिद्धता रचली ती याच विभवाच्या आधाराने. मऊ रंगछटांच्या प्रत्येक चित्रात ते विभवच रंगवलेलं असतं.

पाचव्या फेरीतल्या ५.८०० या आकड्याकडे मात्र पुन्हा पाहायला हवं. तो थोडा चुकलेला आहे, कारण २च्या वर्तुळाबाहेर नुकत्याच पडलेल्या z वर c चा प्रभाव अजून शिल्लक असतो. शेजारचे दोन बिंदू घेतले की ही चूक उघडी पडते. c = 0.453 सहाव्या फेरीत निसटतो आणि त्याला ६.४३ मिळतात. c = 0.454 पाचव्याच फेरीत निसटतो, पण त्याला ६.५२ मिळतात. लवकर निसटणाऱ्याचा आकडा कमी असायला हवा, इथे तो वाढला. चित्रात अशा जागी पट्ट्याच्या जुन्या कडेवर एक पुसट शिवण दिसते. सूत्र तर बरोबर आहे, मग पट्टे पूर्ण का जात नाहीत, असा प्रश्न पडतो त्याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. वर्तुळाची त्रिज्या २ऐवजी २५६ ठेवली की दोघेही आठव्या फेरीत बाहेर पडतात आणि त्यांचे आकडे ६.४२ आणि ६.४१ येतात. शिवण नाहीशी होते, आणि किंमत मोजावी लागते ती दर बिंदूमागे दोन-तीन जादा फेऱ्यांची.

```python
from math import log, log2

def smooth(c, N=1000, R=256):
    z = 0
    for n in range(N + 1):
        if abs(z) > R:
            return n + 1 - log2(log(abs(z)))
        z = z*z + c
    return None
```

`None` आलं की ठिपका काळा. आकडा आला तर त्याच्या पूर्णांक भागावरून रंगपट्टीतले लागोपाठचे दोन रंग निवडायचे आणि अपूर्णांकाच्या प्रमाणात ते मिसळायचे. ५.७६८ म्हणजे पाचव्या रंगापासून सहाव्याकडे सुमारे ७७ टक्के वाटचाल.

सगळा वेळ खातो तो काळा भाग, कारण तिथल्या प्रत्येक ठिपक्याला सगळ्या हजार फेऱ्या पूर्ण कराव्या लागतात. आडवे -२ ते १ आणि उभे -१.२५ ते १.२५ असं क्षेत्र १२०० गुणिले १००० ठिपक्यांत काढलं, तर १२ लाखांपैकी सुमारे २ लाख ४० हजार ठिपके काळे येतात. म्हणजे काहीच रंग न देणाऱ्या २४ कोटी फेऱ्या. सुदैवाने संचाच्या क्षेत्रफळापैकी ९० टक्क्यांहून जास्त भाग मोठं हृदय आणि त्याच्या डावीकडचं वर्तुळ मिळून व्यापतात, आणि या दोघांच्या सीमांची नेमकी समीकरणं ठाऊक आहेत. वर्तुळाचं केंद्र -१ वर आहे आणि त्रिज्या पाव. बिंदू या दोन आकारांत आहे का एवढं आधी तपासलं की बहुतेक फेऱ्या वाचतात.

हजार ही मर्यादा मात्र माणसाने ठरवलेली आहे, आणि ती अपुरी पडली की बाहेरचे बिंदूही काळे होतात. हृदय आणि वर्तुळ जिथे एकमेकांना टेकतात ती -०.७५ ही जागा याचं उत्तम उदाहरण. तिथून सरळ वर ०.१ अंतरावरचा बिंदू २च्या वर्तुळाबाहेर पडायला ३३ फेऱ्या घेतो, ०.०१ अंतरावरचा ३१५ आणि ०.००१ अंतरावरचा ३१४३. मोजणी कुठून सुरू केली त्यावर यात एखाद्या फेरीचा फरक पडतो. फेऱ्यांना अंतराने गुणलं तर ३.३, ३.१५ आणि ३.१४३ मिळतात. हा पाय आहे. डेव्ह बोल यांच्या हे १९९१ साली लक्षात आलं. ते या फटीची रुंदी शोधत होते, वर्तुळाचा परीघ नव्हे. हजार फेऱ्यांच्या चित्रात तिसरा बिंदू काळा येणार आणि फट बुजलेली दिसणार. मर्यादा पुरेशी आहे की नाही हे ठरवायचं असेल तर ती दुप्पट करून तेच चित्र पुन्हा काढावं. काळा भाग आकसला तर आधीचं चित्र अपुरं होतं.

चित्र मोठं करत कडेकडेने आत शिरलं की आणखी एक भिंत लागते, आणि ती फेऱ्या वाढवून हटत नाही. संगणकातली नेहमीची दशांश संख्या सुमारे १६ अंकांपर्यंतच अचूक असते. चौकटीची रुंदी एकाच्या दहा-लाख-कोटीव्या भागापर्यंत आली की १२०० ठिपक्यांसाठी १२०० वेगळे c उरत नाहीत, शेजारशेजारचे ठिपके एकाच संख्येवर येतात आणि तलम छटांच्या जागी चौकोनी ठोकळे दिसू लागतात. त्यापुढे जाणाऱ्याला जास्त अंकांचं गणित वापरावं लागतं. ते प्रत्येक ठिपक्यासाठी करणं फार महाग पडतं, म्हणून एकाच बिंदूची चाल शेकडो अंकांत काढायची आणि बाकीच्यांचा तिच्यापासूनचा फरक तेवढा नेहमीच्या संख्यांत मोजायचा, ही रीत २०१३पासून रूढ झाली.