उजवीकडील वाहनास वाट कां?

मोटार हांकण्याचा शिकाऊ परवाना मिळविण्यासाठीं जी लेखी परीक्षा होते, तींत चौकाविषयींचा एक प्रश्न पुष्कळांना चकवितो. चौकांत पोलिस नाहीं, दिवे नाहींत, पाटी नाहीं आणि मिळणारे दोन्ही रस्ते सारख्याच योग्यतेचे आहेत. अशा वेळीं वाट कोणास द्यावी? परीक्षार्थी बेधडक उत्तर देतो, "जो आधीं पोंचला त्यास." उत्तर चुकीचें ठरतें, आणि तो रागानें म्हणतो, "रस्त्यावर तर रोज असेंच चालतें!"

त्याची तक्रार अगदींच खोटी नाहीं. आपल्या शहरांतून आधीं तोंड घालणारा पुढें जातो; त्याहूनहि खरें सांगावयाचें तर मोठी गाडी पुढें जाते, आणि जो लांबून दिवे चमकावतो तो आपला हक्क नोंदविल्याच्या थाटांत येतो. परंतु परीक्षेंत विचारलेलें असतें तें नियमाविषयीं, वहिवाटीविषयीं नव्हे. १९८९ च्या रस्ता-नियमांत असें सांगितलें होतें कीं, चौकांत शिरतांना समोरचा रस्ता मुख्य म्हणून ठरविलेला असेल तर त्यावरील वाहनांस वाट द्यावी, आणि इतर सर्व प्रसंगीं आपल्या उजव्या हातच्या वाहनांस द्यावी. २०१७ सालीं या नियमांच्या जागीं नवे नियम आले. पण उजवीकडील वाहनास वाट देण्याचें तत्त्व कायम राहिलें.

आतां वहिवाटींत दोष कोठें आहे तें पाहूं. समजा, पुण्याच्या एखाद्या पेठेंतील दोन गल्ल्या एकमेकींस काटकोनांत छेदतात. एक रिक्षा दक्षिणेकडून उत्तरेस जात आहे व एक मोटार पूर्वेकडून पश्चिमेस येत आहे. दोघांचा वेग ताशीं ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर. रिक्षा चौकापासून २० मीटरांवर आहे आणि मोटार २२ मीटरांवर. मग आधीं कोण पोंचणार? रिक्षा, पण अवघ्या एक पंचमांश सेकंदानें. हें अंतर कोणाच्याहि डोळ्यास मोजतां येत नाहीं. रिक्षावाल्यास वाटतें आपण आधीं, मोटारवाल्यासहि तसेंच वाटतें. दोघेहि प्रामाणिक असतात आणि दोघेहि एकदम चौकांत शिरतात. मोठ्या गाडीस मान द्यावा म्हटलें, तर समोरासमोर दोन सारख्याच गाड्या आल्यावर निवाडा कोणी करावयाचा?

उजव्या हाताच्या नियमास मोजमाप लागत नाहीं. मोटार रिक्षाच्या उजवीकडे आहे, तर रिक्षा मोटारीच्या डावीकडे असलीच पाहिजे. म्हणून दोन्ही चालकांस, एकमेकांशीं एक शब्दहि न बोलतां, तेंच उत्तर मिळतें: रिक्षानें थांबावें, मोटारीनें जावें.

उजवीच बाजू कां, यालाहि आपल्या रस्त्यांवर चांगलें कारण आहे. आपण डावीकडून चालतों. त्यामुळें पूर्वेकडून येणारी मोटार आडव्या रस्त्याच्या दक्षिणेकडील अर्ध्या भागांतून जाते, आणि तोच भाग रिक्षास प्रथम लागतो. डावीकडून, म्हणजे पश्चिमेकडून, येणारें वाहन पलीकडच्या अर्ध्यांतून जातें. त्याची गांठ पडण्यापूर्वीं रिक्षास आणखी कांहीं मीटर मिळतात. जवळच्या धोक्यास आधीं वाट द्यावी, हें सरळच आहे. वर्तुळाकार चौकांतहि हेंच सूत्र जुळतें. तेथें वाहनें घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरतात, म्हणून आधींच आंत असलेलें वाहन नव्यानें शिरणाऱ्यास उजवीकडूनच येतांना दिसतें.

दुसरें एक उत्तर बरेच जण देतात: सरळ जाणाऱ्यास वाट. यांत थोडा घोटाळा आहे. उजवीकडे वळणाऱ्यानें समोरून सरळ येणाऱ्यास वाट द्यावयाची असते, हें खरें. पण ती गोष्ट समोरच्या वाहनाची झाली. आडव्या रस्त्यावरील दोन्ही वाहनें सरळच जात असलीं तर त्या उत्तरानें कांहींच सुटत नाहीं.

मात्र वाट मिळणें म्हणजे वेगानें घुसण्याची परवानगी नव्हे. चौक जवळ येतांच वेग कमी करण्याचें बंधन उजवीकडच्या मोटारीवरहि तितकेंच आहे, आणि रिक्षा थांबत नाहीं असें दिसलें तर मोटारीनें थांबलें पाहिजे. नियम ठाऊक नसलेला मनुष्य समोर असूं शकतो, हें धरूनच गाडी हांकावी लागते.

या नियमाची एक मर्यादा आहे. चारहि बाजूंनीं चार गाड्या एकाच क्षणीं येऊन उभ्या राहिल्या, तर प्रत्येकीच्या उजवीकडे एक गाडी असते आणि नियमाप्रमाणें चौघांनींहि थांबावयाचें. तेथें चौघांपैकीं एकानें हात हालवून उजवीकडच्यास "आपण व्हा पुढें" म्हणावें लागतें; तो पुढें गेला कीं त्याच्या डावीकडच्याची उजवी बाजू मोकळी होते, आणि मग उरलेले आपोआप क्रमानें निघतात.