परदेशातील मुलासाठी मराठी चित्रपुस्तक कसे निवडावे

परदेशात वाढणाऱ्या मुलासाठी मराठी चित्रपुस्तक निवडताना वयापेक्षा त्याला किती मराठी समजते आणि किती वाचता येते, या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. न्यू जर्सीत राहणारी सहा वर्षांची मुलगी घेऊ. आईवडिलांचे मराठी बोलणे तिला कळते, पण उत्तर ती इंग्रजीत देते आणि देवनागरी अक्षरे नुकती शिकू लागली आहे. जोडाक्षरे नसलेले पुस्तक तिला वाचता येईल, पण त्यातील दोन-तीन शब्दांच्या गोष्टीत तिचे मन रमणार नाही. म्हणून तिला पुस्तके दोन प्रकारची हवीत: मोठ्यांनी वाचून दाखवायची गोष्टीची आणि तिने स्वतः वाचायची, मोजक्या शब्दांची.

वाचून दाखवायच्या पुस्तकात भाषा बोलण्यातली असावी. घरात ‘केलं’, ‘गेलं’ ऐकणाऱ्या मुलाला ‘केले’, ‘गेले’ परके वाटते. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही मालिका इथे उपयोगी पडते. तिच्यात घरातली माणसे आणि रोजचे व्यवहार येतात, त्यामुळे गोष्टीतले शब्द त्याच दिवशी स्वयंपाकघरात वापरता येतात. अनुवादित पुस्तक घेण्यापूर्वी एक पान मोठ्याने वाचावे. वाचताना जीभ अडखळली किंवा असे कोणी बोलत नाही असे वाटले, तर ते ठेवून द्यावे.

स्वतः वाचायच्या पुस्तकात एकच वाक्यरचना पुन्हा पुन्हा यावी आणि नाम तेवढे बदलावे: मोठा कुत्रा, मोठी गाय, मोठं झाड. इंग्रजीत नामांना असे लिंग नसल्याने इंग्रजीत वाढणारी मुले नेमकी इथे चुकतात. अशा पुस्तकातून नियम न सांगता योग्य रूप कानात बसते. अक्षर मोठे असावे आणि मजकूर चित्रावर छापलेला नसावा.

द्वैभाषिक पुस्तकात एक अडचण असते. इंग्रजी वाचू लागलेले मूल थेट इंग्रजी ओळीकडे वळते. मराठी न येणाऱ्या पालकाला मात्र हीच पुस्तके सोयीची पडतात. तिथे इंग्रजी ओळी कागदाच्या पट्टीने झाकून मुलाला मराठी वाचायला द्यावे.

विकत घेण्याआधी पारख करायची असेल, तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा विनामूल्य वाचता येतात. त्यांची वर्गवारी वाचनाच्या चार पातळ्यांत केलेली आहे. पहिल्या दोन पातळ्यांतील गोष्टी वाचून पाहिल्या की मुलाला काय झेपते ते कळते.

निवड जमली की नाही, हे दोन-तीन वाचनांनंतर तपासावे. मजकूर झाकून चित्रांवरून गोष्ट सांगायला सांगावे. मुलाच्या सांगण्यात पुस्तकातले मराठी शब्द आले, तर पुस्तक योग्य आहे. सगळी गोष्ट इंग्रजीत आली, तर ते सहा महिने बाजूला ठेवून त्याहून सोपे पुस्तक घ्यावे.