शनिवारचं गणित

फॉलिक्युलर स्टडीचा कागद अगदी साधा असतो. डावीकडे पाळीचा दिवस, मग उजव्या आणि डाव्या अंडाशयातल्या फॉलिकलचं माप, शेवटी गर्भाशयाच्या अस्तराची जाडी. मूल हवं असलेल्या बाईची पाळीच्या दहाव्या दिवसापासून दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी करायची आणि हा कागद भरत जायचा. तालुक्याच्या गावातल्या माझ्या दवाखान्यात असे कागद रोज भरले जातात. खोलीत नियमाप्रमाणे ‘गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी आहे. ती वाचूनही कुणीतरी हळूच विचारतं, ‘मॅडम, मुलगा व्हायला नेमका कोणता दिवस?’ असा दिवस नसतो. पण मूल व्हायला कोणते दिवस, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचं उत्तर बहुतेक जोडप्यांना उलटं माहीत असतं.

एका जोडप्याचं उदाहरण घेते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नवरा पुण्याला कंपनीत, बायको गावी सासू-सासऱ्यांजवळ. तो शनिवारी रात्री यायचा आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जायचा. दीड वर्ष झालं, दिवस राहत नव्हते. दोघांच्या प्राथमिक तपासण्या ठीक होत्या. तिची पाळी ३२ दिवसांनी, नियमित.

दोघांनी एक पद्धत बसवली होती. मेडिकलमधून लघवीच्या तपासणीची पट्टी आणायची. ती पॉझिटिव्ह आली की तिने फोन करायचा आणि त्याने पुढच्या शनिवारी यायचं. तोवर आधीच्या शनिवारी-रविवारी दोघं मुद्दाम लांब राहायचे. ‘साठवून ठेवलं तर ताकद राहते, असं मित्र म्हणाला,’ असं त्याचं म्हणणं. मी दोघांना म्हटलं, या महिन्यात पट्टी बाजूला ठेवा, सोनोग्राफीला या आणि तो घरी असेल तेव्हा लांब राहू नका.

त्या महिन्यात तिची पाळी रविवारी आली. दहाव्या दिवशी, मंगळवारी, उजव्या अंडाशयात ११ मिलिमीटरचा फॉलिकल दिसला. फॉलिकल म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, पडद्यावर काळी गोल दिसते. बीज तिच्या आत असतं, पण ते मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढं, त्यामुळे सोनोग्राफीत दिसत नाही. आम्ही मोजतो ती पिशवी. ती दिवसाला साधारण दीड ते दोन मिलिमीटर वाढते. शुक्रवारी माप १५ झालं. सोमवारी २०, मंगळवारी संध्याकाळी २२. बुधवारी संध्याकाळी, अठराव्या दिवशी, ती गोल पिशवी चुरगळलेली दिसली आणि गर्भाशयामागे थोडं पाणी जमलं होतं. दवाखान्यातल्या भाषेत, अंडं फुटलं. मंगळवार संध्याकाळ ते बुधवार संध्याकाळ यांमध्ये कधीतरी बीज बाहेर पडलं होतं. पाळी ३२ दिवसांची असेल तर हे अपेक्षितच. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ साधारण दोन आठवड्यांचा असतो. चक्र लांबलं तर बहुतेक वेळा त्याआधीचा भाग लांबलेला असतो. म्हणून ‘चौदावा दिवस’ २८ दिवसांच्या पाळीला लागू पडतो, हिच्या पाळीला नाही.

आता जुन्या पद्धतीने काय झालं असतं ते पाहा. पट्टी लघवीतलं एलएच हे संप्रेरक ओळखते. ते वाढल्यावर साधारण दिवस-दीड दिवसात बीज सुटतं. पट्टी मंगळवारी पॉझिटिव्ह आली असती, नवरा शनिवारी आला असता. तोवर बीज सुटून तीन दिवस उलटलेले. आणि सुटलेलं बीज फलित होण्याजोगं राहतं ते १२ ते २४ तास. म्हणजे पट्टीने बरोबर खूण दिली असती, नवराही ठरल्याप्रमाणे आला असता, आणि तरी त्या शनिवारचा काहीच उपयोग नव्हता.

बीजाची मुदत एवढी कमी का? अंडाशयातून सुटतं तेव्हा त्याचं दुसरं विभाजन अर्ध्यावर थांबलेलं असतं. गुणसूत्रं एका नाजूक तंतुजालावर रांगेत लावलेली असतात आणि शुक्राणू आत शिरला तरच पुढचं विभाजन पूर्ण होतं. तो वेळेत आला नाही तर तंतुजाल विस्कटायला लागतं, बाहेरचं आवरणही बदलतं. टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेत याचा पुरावा दिसतो. तिथे बीजं काढून शुक्राणूंसोबत ठेवतात आणि १६ ते १८ तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. फलित झालेल्या बीजात दोन केंद्रकं शेजारी शेजारी दिसतात, एक आईचं, एक बापाचं. काही बीजांत ती दिसतच नाहीत. अशा एक दिवस जुन्या बीजात सुईने शुक्राणू सोडला तर फलन कधी कधी होतं, पण त्यातून चांगला गर्भ क्वचितच तयार होतो.

शुक्राणूंचं तसं नाही, मात्र ते कुठे आहेत यावर सगळं अवलंबून. योनीमार्गात आम्ल असतं. वीर्य ते थोडा वेळ सौम्य करतं, पण तिथेच राहिलेले शुक्राणू काही तासांत निकामी होतात. बायका काळजीने सांगतात, ‘मॅडम, उठलं की सगळं बाहेर येतं.’ ते येणारच. जे पुढे जायचे असतात ते पहिल्या काही मिनिटांतच गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या स्रावात शिरलेले असतात. अर्धा तास पाय वर करून झोपण्याची काही गरज नसते.

खरी गोष्ट त्या स्रावात आहे. एरवी तो घट्ट आणि चिकट असतो, शुक्राणू त्यात अडकून पडतात. बीज सुटायच्या आधीच्या काही दिवसांत इस्ट्रोजेन वाढतं तसा तो भरपूर, पातळ, पारदर्शक होतो, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा. दोन बोटांत धरून ताणला तर न तुटता आठ-दहा सेंटिमीटर लांब होतो. काचपट्टीवर वाळवला तर सूक्ष्मदर्शकाखाली नेच्याच्या पानांची नक्षी उमटते. पूर्वी संबंधानंतर काही तासांनी हा स्राव घेऊन त्यातले हलते शुक्राणू मोजायची चाचणी सर्रास होई. तिच्या निकालावरून गर्भधारणेचा अंदाज नीट बांधता येत नाही, म्हणून ती आता फारशी केली जात नाही. पण ज्यांनी ती केली त्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही त्या स्रावात पोहणारे शुक्राणू पाहिलेले आहेत. तिथून ते थोडे थोडे वर जातात. कोट्यवधींपैकी गर्भनलिकेत पोहोचतात ते मोजके. नलिकेच्या अरुंद भागात ते आतल्या अस्तराला चिकटून थांबतात आणि सुटे होत पुढे सरकतात, तेही बीज भेदण्याची क्षमता अंगी आल्यावर. ती यायलाही काही तास जातात. त्यामुळे बीज सुटायच्या आधी येऊन थांबलेले शुक्राणू घाईने आलेल्यांपेक्षा जास्त तयार असतात.

हा मुक्काम किती दिवसांचा, याचं चांगलं उत्तर अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधल्या एका अभ्यासाने दिलं. ॲलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी तो १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. मूल हवं म्हणून गर्भनिरोधन थांबवलेल्या २२१ स्त्रियांनी रोज सकाळची लघवी साठवली आणि कोणत्या दिवशी संबंध आला त्याची नोंद ठेवली. लघवीतल्या संप्रेरकांवरून बीज सुटल्याचा दिवस ठरवला. ६२५ चक्रं तपासली, त्यांत १९२ गर्भधारणा झाल्या. त्या सगळ्या सहा दिवसांत बसल्या: बीज सुटण्याच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस. पाच दिवस आधी शक्यता सुमारे १० टक्के होती, त्याच दिवशी सुमारे ३३ टक्के. दुसऱ्या दिवशीच्या संबंधातून एकही नाही. मुलगा की मुलगी, याचाही दिवसाशी संबंध आढळला नाही.

यातला पाच हा आकडा लोक फार घट्ट धरतात. पाच दिवस ही वरची मर्यादा आहे, तीही स्राव अनुकूल असेल तर. बहुतेक शुक्राणू त्याआधीच संपतात. म्हणून मी दोन-तीन दिवस हा भरवशाचा हिशेब धरते आणि चौथा-पाचवा दिवस नशिबावर सोडते.

त्या जोडप्याच्या कागदावर परत येऊ. शनिवारी आणि रविवारी रात्री ते एकत्र होते. रविवारच्या शुक्राणूंना बीजासाठी सुमारे दोन ते पावणेतीन दिवस थांबावं लागणार होतं. शक्यता होती, पण उत्तम नव्हे. त्या महिन्यात पाळी आली. ती नाराज झाली, तेव्हा मी तिच्यापुढे कॅलेंडर ठेवलं. ३२ दिवसांनंतरची पाळी गुरुवारी आली होती, तिचा अठरावा दिवस रविवारी येत होता. म्हणजे शनिवार-रविवार अगदी मोक्याचे. त्यापुढची पाळी सोमवारी, बीज गुरुवारी. तेव्हा शनिवार पाच दिवस आधी पडतो आणि पुढचा शनिवार दोन दिवस उशिरा. नवऱ्याला म्हटलं, ‘रजा मागायची असेल तर त्या महिन्याच्या मंगळवारची मागा. येत्या महिन्यात रजेची गरजच नाही.’ तो हसला. म्हणाला, ‘मॅडम, आम्ही दीड वर्षं शुभ दिवस टाळूनच येत होतो की.’

हाच हिशेब उलटा लावणाऱ्याही बायका येतात, मूल नको असलेल्या. पाळीनंतरचा पहिला आठवडा सुरक्षित, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. पाळी २४ दिवसांची असेल तर बीज दहाव्या दिवशी सुटू शकतं आणि पाचव्या दिवसाचे शुक्राणू तोवर टिकू शकतात. पाचवा दिवस, म्हणजे कित्येकींची पाळी जेमतेम थांबलेली असते. त्यात बीज काही घड्याळ लावून सुटत नाही, ताप, जागरण, काळजी यांनी पुढे जाऊ शकतं. म्हणून दिवस मोजण्यावर भरवसा नको. संबंधानंतर घ्यायची तातडीची गोळी मुख्यतः बीज सुटणं लांबवते आणि त्या अवधीत वाट पाहणारे शुक्राणू संपतात. बीज सुटून गेल्यावर तिचा उपयोग राहत नाही. त्यामुळे ७२ तासांची मुदत आहे म्हणून तिसऱ्या दिवसापर्यंत थांबू नये, शक्य तितक्या लवकर घ्यावी.

मूल हवं असलेल्यांना मात्र मी एवढंच लिहून देते: नेहमीच्या पाळीतून १४ दिवस वजा करा, आलेल्या दिवसाच्या पाच दिवस आधीपासून त्या दिवसापर्यंत एक दिवसाआड एकत्र या, स्राव ताणला जायला लागला की एकही संधी सोडू नका. पट्टीची वाट पाहत बसू नका. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, वर असेल तर सहा महिने असं करून पाहा. तरीही दिवस राहिले नाहीत, तर अडचण कॅलेंडरमध्ये नाही. मग नलिका मोकळ्या आहेत का आणि वीर्याचा अहवाल काय म्हणतो, तिकडे वळायचं.