फोनवर वाय-फाय सुसाट, मग टीव्हीच का अडखळतो?

समजा, घरी १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. टीव्हीशेजारी उभं राहून मोबाइलवर स्पीड तपासला तर ९० मिळतो, पण टीव्हीच्या ब्राउझरवर fast.com उघडलं तर जेमतेम १२. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार ४के व्हिडिओला किमान १५ एमबीपीएस लागतात. म्हणूनच चित्र मध्येच धूसर होतं किंवा थांबतं.

कारण बहुतेकदा राउटरच्या एका सोयीत असतं. राउटर दोन बँडवर चालतो. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोहोचतो, पण हळू असतो आणि शेजाऱ्यांच्या वाय-फायने गजबजलेला असतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतो, पण भिंती आल्या की कमजोर पडतो. नवे राउटर दोन्हींना एकच नाव देतात आणि कुठल्या उपकरणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवू पाहतात.

घोळ होतो तो वीज गेल्यावर. वीज परत आली की २.४चा बँड लगेच सुरू होतो. ५चे काही चॅनल रडारही वापरतात, त्यामुळे अशा चॅनलवर राउटरला आधी किमान एक मिनिट रडार आहे का ते तपासावं लागतं. तेवढ्यात टीव्ही २.४ला जोडला जातो. फोन घरात फिरताना चांगला बँड पुन्हा शोधतो. टीव्ही जागचा हलत नाही, सिग्नल पूर्ण दिसतो, मग तो तिथेच बसून राहतो.

खात्री करायची तर राउटरचं पान उघडा. पत्ता राउटरच्या मागे किंवा खाली छापलेला असतो, बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत बहुतेक राउटर टीव्हीसमोर बँडही दाखवतात.

तिथे २.४ दिसलं, तर वाय-फायच्या सेटिंगमध्ये Smart Connect किंवा Band Steering बंद करा. जुनं नाव २.४लाच ठेवा, म्हणजे स्मार्ट बल्ब, कॅमेरे पुन्हा जोडावे लागणार नाहीत. ५ला वेगळं नाव द्या, उदाहरणार्थ Ghar_5G. (या 5Gचा मोबाइलच्या ५जीशी संबंध नाही.) मग टीव्हीवर जुनं नेटवर्क Forget करून नवं जोडा. ही पायरी चुकली, तर टीव्ही पुन्हा जुन्या नावाकडे जाऊ शकतो.

नवं नाव फोनवर दिसतं पण टीव्हीवर नाही, असं झालं तर टीव्हीत बहुधा ५ची सोयच नाही. आणि राउटर दोन-तीन भिंतींपलीकडे असेल, तर ५चा वेग २.४पेक्षाही कमी भरू शकतो. अशा वेळी लॅन केबल लावा. अनेक टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसपुरतंच असतं, पण ४केला तेवढं पुरून उरतं.